देखणेपणाला मार्क देणार कोण?

१९७२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात कॅरेन डायन, एलन बर्शाइड आणि एलेन वॉल्स्टर या तिघींनी साठ विद्यार्थ्यांच्या हातात प्रत्येकी तीन फोटो दिले. एक देखण्या व्यक्तीचा, एक चारचौघांसारख्या दिसणाऱ्याचा आणि एक दिसायला डाव्या माणसाचा. फोटोतल्या माणसांबद्दल बाकी काहीच सांगितलं नव्हतं. ती स्वभावाने कशी असतील, पोटापाण्याला काय करत असतील, त्यांचा संसार कसा होईल, एवढं विद्यार्थ्यांनी अंदाजाने सांगायचं होतं. देखण्यांच्या पदरात सगळंच भरभरून पडलं: चांगला स्वभाव, चांगली नोकरी, सुखी संसार आणि एकूणच अधिक समाधानी आयुष्य. अपवाद एकच. आई किंवा वडील म्हणून देखणी माणसं अधिक चांगली ठरतील, असं मात्र विद्यार्थ्यांना वाटलं नाही.

हा अभ्यास गेली पन्नास वर्षं कुठे ना कुठे उद्धृत होतो, आणि पुष्कळदा ‘देखणी माणसं सुखी असतात’ याचा पुरावा म्हणून. तो तसा पुरावा नाहीच. अभ्यास झाला तो फोटो बघणाऱ्यांचा. फोटोतली माणसं सुखी होती की नव्हती, हे कुणी विचारलंच नाही. आपण देखण्या माणसाला सुखी धरून चालतो, एवढंच त्यातून सिद्ध झालं. आणि ते कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला एकदा तरी बसलेल्या कुणालाही नव्याने सांगायला नको.

खरा प्रश्न मोजायला बसलं की लगेच अडचण येते. सुख मोजणं तुलनेने सोपं आहे. माणसालाच विचारायचं, ‘एकंदरीत आयुष्याबद्दल किती समाधानी आहात?’ आणि त्याचं उत्तर प्रामाणिक धरायचं. या पद्धतीत खोट आहे, पण ती गेली कित्येक दशकं तावूनसुलाखून घेतली गेली आहे. देखणेपणाचं तसं नाही. तिथे मार्क देणारा कोणीतरी लागतो. तो कोण आहे आणि त्याने ते मार्क कधी दिले, यावर उत्तर इतकं बदलतं की या विषयावरचे अभ्यास वाचताना मी निष्कर्षाच्या आधी ती माहिती शोधतो.

सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे माणसालाच विचारणं: तुम्ही दिसायला कसे आहात? असं विचारलं की देखणेपणा आणि सुख यांचा संबंध ठळक दिसतो. जे स्वतःला देखणे समजतात ते खरोखरच अधिक समाधानी असतात, त्यांचा आत्मविश्वास जास्त असतो. पण इथे दोन्ही मार्क एकाच माणसाने दिलेले असतात. मन प्रसन्न असेल त्या दिवशी आरशातला चेहराही बरा दिसतो, आणि खचलेल्या माणसाला स्वतःच्या नाकाडोळ्यांतही खोटच दिसते. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन फाइनगोल्ड यांनी १९९२ मध्ये तोवरचे अनेक अभ्यास एकत्र करून तपासले. तिऱ्हाइतांनी ठरवलेलं देखणेपण आणि माणसाचा स्वभाव यांचा संबंध त्यांना जवळजवळ शून्य सापडला. देखण्या लोकांना एकटेपणा थोडा कमी वाटतो, लोकांत मिसळताना ते कमी बुजतात आणि ते अधिक लोकप्रिय असतात, एवढं मात्र दिसलं. याउलट स्वतःच स्वतःला दिलेल्या मार्कांचा संबंध बऱ्याच चांगल्या गोष्टींशी लागत होता. शिवाय आपण स्वतःला किती देखणे समजतो आणि लोक आपल्याला किती देखणे समजतात, यांचा मेळही फार थोडा बसतो. म्हणजे ‘मी छान दिसतो’ हे वाटणं चेहऱ्याबद्दल कमी आणि मनःस्थितीबद्दल जास्त सांगतं.

तेव्हा मार्क दुसऱ्याने द्यायला हवेत. अर्थशास्त्रज्ञांनी नेमकी ही वाट धरली, आणि तीही एका जुन्या, जवळपास विसरल्या गेलेल्या सोयीमुळे. १९७०च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात लोकांच्या राहणीमानाची मोठी सर्वेक्षणं झाली. प्रश्नावली घेऊन घरोघरी जाणाऱ्या मुलाखतकाराने मुलाखत आटोपल्यावर समोरच्या माणसाच्या दिसण्याबद्दल पाचांपैकी एका खान्यात खूण करायची होती. वरच्या टोकाला ‘नजर खिळवून ठेवणारं रूप’, मग ‘वयाच्या मानाने सरासरीपेक्षा उजवं’, मग ‘सरासरी’, मग ‘सरासरीपेक्षा कमी’, आणि तळाला ‘अगदीच सामान्य’. बहुतेक लोक मधल्या दोन-तीन खान्यांत पडले. टोकाचे खाने जवळपास रिकामेच राहिले, कारण घरात बसवून चहापाणी करणाऱ्या माणसापुढे तळाचा खाना भरणं मुलाखतकाराच्याही जिवावर येत असणार. डॅनियल हॅमरमेश आणि जेफ बिडल यांनी याच आकड्यांवरून १९९४ मध्ये दाखवलं की दिसायला डाव्या लोकांना सरासरी दिसणाऱ्यांपेक्षा ५ ते १० टक्के कमी पगार मिळतो, आणि देखण्यांना मिळणारा फायदा त्याहून थोडा कमी असतो.

पगारानंतर पाळी सुखाची. हॅमरमेश आणि जेसन अब्रेवाया यांनी अमेरिका, कॅनडा, जर्मनी आणि ब्रिटन इथल्या पाहण्या एकत्र तपासून २०१३ मध्ये उत्तर प्रसिद्ध केलं. हो, देखणी माणसं अधिक सुखी आहेत. वर्तमानपत्रांनी एवढंच छापलं. किती अधिक, तिथे खरी गोष्ट आहे. दिसण्यात एका प्रमाण विचलनाची वाढ झाली तर सुखात पुरुषांच्या बाबतीत सुमारे ०.१० आणि स्त्रियांच्या बाबतीत सुमारे ०.१२ प्रमाण विचलनाची वाढ होते.

हे वाक्य नुसतं वाचून काही कळत नाही, म्हणून ते उलगडून बघू. शंभर पुरुषांची दिसण्यानुसार रांग लावा आणि ज्याच्या मागे ८४ जण आहेत असा माणूस निवडा. हा झाला सरासरीपेक्षा एक प्रमाण विचलन वरचा, गल्लीत देखणा म्हणून ओळखला जाणारा. आता तीच शंभर माणसं सुखाच्या क्रमाने उभी करा. देखणेपणाचा काहीच फायदा नसता तर असा माणूस सरासरीने बरोबर मध्ये, म्हणजे ५० जणांच्या पुढे उभा असता. प्रत्यक्षात तो ५४ जणांच्या पुढे असतो. दुसऱ्या तऱ्हेने सांगायचं तर रस्त्यावरून कुठलेही दोन पुरुष उचला आणि ‘यातला जो दिसायला उजवा तोच जास्त सुखी’ अशी पैज लावा. शंभर वेळा लावलीत तर साधारण ५३ वेळा जिंकाल आणि ४७ वेळा हराल. मिनेसोटाच्या त्या साठ विद्यार्थ्यांचा आविर्भाव नव्वद वेळा जिंकणाऱ्याचा होता.

एक गोष्ट अर्थशास्त्रज्ञांच्या बाजूनेही सांगायला हवी. एकाच मुलाखतकाराने एका नजरेत दिलेला मार्क कच्चा असतो. दुसरा कुणी आला असता तर खूण शेजारच्या खान्यात पडली असती. अशा कच्च्या मापाने मोजलं की खरा संबंध असतो त्यापेक्षा थोडा फिका दिसतो. पण उलटा धोकाही तेवढाच आहे, किंबहुना मला तो मोठा वाटतो. मुलाखतकार त्या माणसासमोर बराच वेळ बसलेला असतो. ‘आयुष्याबद्दल समाधानी आहात का?’ हा प्रश्न त्यानेच विचारलेला असतो आणि हसतमुखाने दिलेलं ‘हो’ त्यानेच ऐकलेलं असतं. त्यानंतर तो दिसण्याचा खाना भरतो. आनंदी माणूस त्याला देखणा वाटला नाही तरच नवल.

या शंकेचा छडा लावण्याचा सगळ्यात सुरेख प्रयत्न मला १९९५च्या एका अभ्यासात सापडतो. एड डीनर हे सुखाच्या संशोधनातलं फार मोठं नाव. इलिनॉय विद्यापीठात त्यांनी ब्रायन वोल्सिक आणि फ्रँक फुजिता यांच्याबरोबर विद्यार्थ्यांवर तीन अभ्यास केले. विद्यार्थी आपल्या नेहमीच्या पोशाखात आले, त्यांचे फोटो आणि व्हिडिओ घेतले गेले, आणि त्यांना कधी न भेटलेल्या परीक्षकांनी दिसण्याचे मार्क दिले. संबंध सापडला, पण लहान. मग त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. विद्यार्थ्यांना मेकअप पुसायला लावला, दागिने उतरवायला लावले, केस आणि कपडे झाकून टाकले, आणि फक्त चेहरा उरेल असा फोटो घेतला. या उघड्या चेहऱ्यांना मार्क दिल्यावर आधीच लहान असलेला संबंध आणखी आक्रसला.

याचा अर्थ नीट लक्षात घेण्यासारखा आहे. नेहमीच्या फोटोत जे देखणेपण सुखाशी जोडलेलं दिसत होतं, त्यातला बराच भाग नाकाडोळ्यांचा नव्हता. तो केस विंचरण्याचा, रंग साधून शर्ट निवडण्याचा, कानात काही घालण्याचा होता. सुखी माणसं स्वतःकडे जरा जास्त लक्ष देतात. उदास माणूस आंघोळीचाही कंटाळा करतो, हे मानसोपचार करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. म्हणजे बाण उलट्या दिशेनेही जातो: सुखामुळे माणूस बरा दिसतो. डीनर यांच्या अभ्यासातही संबंध सगळ्यात ठळक होता तो विद्यार्थ्यांनी स्वतःच स्वतःला दिलेल्या मार्कांशी.

बाण फक्त उलटाच जातो, असं मात्र म्हणता येणार नाही. तो सुलटही जातो का हे तपासायला दिसण्याचे मार्क आधी आणि सुखाचा प्रश्न खूप नंतर, असे आकडे हवेत, आणि ते आहेत. ब्रिटनमध्ये १९५८ सालच्या मार्च महिन्यातल्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला जातो. ही मुलं ७ आणि ११ वर्षांची असताना त्यांच्या शिक्षकांनी त्यांच्या दिसण्याची नोंद केली होती. दुसरा साठा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचा. तिथे १९५७ साली शाळेतून बाहेर पडलेल्या हजारो विद्यार्थ्यांना संशोधक म्हातारपणापर्यंत प्रश्न विचारत राहिले. शाळेच्या वार्षिक अंकात छापलेले त्यांचे फोटो पुढे सहा स्त्रिया आणि सहा पुरुष अशा परीक्षकांना दाखवून मार्क घेतले गेले. बारा जणांची सरासरी असल्यामुळे इथे एकाच नजरेचा कच्चेपणा राहत नाही, आणि परीक्षकांना त्या मुलांचं पुढचं आयुष्य माहीत असण्याचं कारण नाही. नबनीता दत्ता गुप्ता, नॅन्सी एटकॉफ आणि मॅड्स येगर यांनी २०१६ मध्ये याच साठ्यावरून दाखवलं की अठराव्या वर्षी देखणी असलेली माणसं पुढे प्रौढपणीही मनाने थोडी अधिक स्वस्थ होती आणि त्यांच्यात उदासीची लक्षणं थोडी कमी होती. ‘थोडी’ हा शब्द इथेही जागेवरच आहे, पण परिणाम पुसला जात नाही.

तरीही हात आखडता घ्यावा लागतो. ब्रिटिश शिक्षकांपुढच्या खान्यांत ‘आकर्षक’ आणि ‘इतरांइतका आकर्षक नाही’ यांच्या जोडीला ‘अर्धपोटी दिसतो’ आणि ‘गबाळा, मळका’ असेही खाने होते. सात वर्षांच्या ज्या मुलापुढे शिक्षक ‘अर्धपोटी’ अशी खूण करतो, तिथे तो चेहरा मोजत नसून त्या घरातली गरिबी मोजत असतो. विस्कॉन्सिनच्या फोटोंतही तेच. सरळ दात, नितळ कातडी, बरा कोट यांमागे आईबापांचा खिसा असतो, आणि तोच खिसा पुढे शिक्षणाला आणि नोकरीलाही उपयोगी पडतो. चांगले अभ्यासक घरची परिस्थिती हिशेबात धरतात. पण १९५७ सालच्या घरातलं सगळंच काही कागदावर उतरलेलं नसतं.

मग जो फायदा उरतो तो येतो कुठून? हॅमरमेश आणि अब्रेवाया यांच्या कामातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हा आहे. त्यांनी शिक्षण, उत्पन्न, लग्न, जोडीदाराचं उत्पन्न, आरोग्य अशा गोष्टी समान धरून हिशेब पुन्हा मांडला. म्हणजे पगारही तेवढाच आणि संसारही तसाच असलेल्या दोन माणसांत, दिसण्याने किती फरक पडतो? पुरुषांमध्ये देखणेपणाचा परिणाम निम्म्याहून कमी उरला. मघाची पैज आता शंभरात ५१-५२ वेळाच जिंकता येते. स्त्रियांमध्ये परिणाम घटला, पण निम्म्याहून किंचित कमी घटला.

म्हणजे पुरुषाच्या देखणेपणाचं सुख बहुतांशी बँकेतून आणि लग्नाच्या मांडवातून येतं. आरशासमोर उभं राहून होणारा आनंद त्यात फारसा नाही. स्त्रियांच्या बाबतीत पगार आणि लग्न वजा केल्यावरही निम्म्याहून थोडं जास्त शिल्लक राहतं. याचं कारण आकडे सांगत नाहीत. माझा तर्क असा की बाईच्या दिसण्यावर घरात, दारात, बसमध्ये, ऑफिसात दिवसभर शेरे मारले जातात, आणि त्या शेऱ्यांचा हिशेब पगाराच्या किंवा लग्नाच्या रकान्यात मावत नाही.

हा पैसा आणि संसाराचा मार्ग खरा असेल तर जिथे तो मार्गच बंद आहे, तिथे देखणेपणाचा फायदाही विरायला हवा. व्हिक्टोरिया प्लॉट, ग्लेन अ‍ॅडम्स आणि स्टेफनी अँडरसन यांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या शहरी आणि ग्रामीण स्त्रियांची तुलना केली. देखणेपणाचं माप म्हणून त्यांनी कमर आणि नितंबांचं गुणोत्तर घेतलं होतं, जे मला फार समाधानकारक वाटत नाही. पण निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. शहरात देखणेपण आणि समाधान यांचा संबंध लागला, खेड्यात लागला नाही. त्यांचं म्हणणं असं की शहरात मैत्री, ओळखी, जोडीदार सगळं निवडायचं असतं आणि नवख्या माणसाला निवडताना डोळे पुढे धावतात. खेड्यात तुमचे शेजारी, तुमचे नातेवाईक आणि त्यांचे तुमच्याशी असलेले संबंध तुमच्या जन्माआधीच ठरलेले असतात. याच संशोधकांनी त्याआधी अमेरिका आणि घाना यांची तुलना केली, तिथेही हाच कल दिसला: घानात रूपाचा आयुष्यातल्या यशाशी संबंध फिका होता.

वरवर पाहता आपण घानाच्या बाजूचे. लग्नं घरचे ठरवतात, नाती जन्मापासूनची. पण मला ते पटत नाही. बायोडेटाबरोबर फोटो पाठवण्याची रीत आल्यापासून ठरवून होणारं लग्न ही सर्वांत नवखी निवड झाली आहे. घराण्याची ओळख, शेजाऱ्यांचा शब्द, मामाची शिफारस या सगळ्यांच्या आधी फोटो पोहोचतो, आणि तो बाजूला टाकायला दोन सेकंद पुरतात. लग्न हाच देखणेपणाकडून सुखाकडे जाणारा एक मोठा रस्ता असेल, तर आपल्याकडे तो रुंदच असणार, आणि मुलींसाठी त्यावर गोरेपणाचा वेगळा टोलनाका आहे.

देखणेपणाचं टोक गाठलेल्यांबद्दल थोडक्यात. २००७ मध्ये लंडनमध्ये फॅशन मॉडेलांचा एक लहानसा अभ्यास झाला. त्यांचं समाधान इतर तरुण-तरुणींपेक्षा जास्त तर नव्हतंच, उलट किंचित कमी भरलं. नमुना लहान आहे आणि मॉडेलिंगचा धंदाच असा आहे की रोज कुणीतरी तोंडावर नकार देतो, तेव्हा यातून रूपाबद्दल फार काही काढू नये.

उरतो तो व्यवहाराचा प्रश्न. रूप बदललं तर सुख बदलतं का? इथे दोन अभ्यास समोरासमोर उभे आहेत. जर्मनीत युर्गेन मारग्राफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचशेहून जास्त लोकांना सौंदर्यशस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर वर्षभर प्रश्न विचारले. तुलनेसाठी त्यांनी जे लोक घेतले त्यांनाही शस्त्रक्रिया हवी होती, पण त्यांनी ती करून घेतली नव्हती. हा निवडीचा शहाणपणा महत्त्वाचा, कारण रस्त्यावरच्या कुणाशीही तुलना केली असती तर निकाल निरुपयोगी ठरला असता. २०१३ मध्ये आलेला निष्कर्ष शस्त्रक्रियेच्या बाजूने होता: वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेले अधिक समाधानी होते, त्यांची चिंता कमी होती आणि त्यांना शस्त्रक्रिया झालेला भागच नव्हे, तर एकूण शरीरही बरं वाटत होतं.

नॉर्वेत टिलमान फॉन सूस्ट आणि त्यांच्या गटाने मात्र उलट बाजूने सुरुवात केली. त्यांनी दवाखान्यात आलेल्यांना न निवडता साध्या शाळकरी मुलींचा दहाहून अधिक वर्षं मागोवा घेतला आणि त्यातल्या कोणकोणत्या पुढे शस्त्रक्रियेकडे वळल्या ते पाहिलं. वळलेल्या मुलींमध्ये उदासी आणि चिंता आधीपासूनच जास्त होती. शस्त्रक्रियेनंतर जो अवयव बदलला त्याबद्दलचं समाधान वाढलं. पण त्याच काळात उदासी आणि चिंता इतर मुलींच्या मानाने आणखी वाढत गेल्या.

दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. मारग्राफ यांच्या रुग्णांपैकी बहुतेकांची अपेक्षा माफक होती. एखादी जुनी खटकणारी गोष्ट जावी, एवढीच. आपण वेगळाच माणूस होऊ किंवा सगळ्या अडचणी सुटतील, असं म्हणणारे फार थोडे होते. याउलट ज्या रुग्णाला इतरांना दिसतही नसलेला दोष दिवसातले तासन्‌तास छळतो, त्याच्या आजाराला शरीर-विद्रूपता विकार म्हणतात. त्याच्या नाकावर शस्त्रक्रिया केली तर पुष्कळदा तक्रार नाकावरून हनुवटीवर सरकते आणि तो दुसरा सर्जन शोधू लागतो. म्हणूनच चांगला सर्जन पहिल्या भेटीत चेहरा तपासण्याच्या आधी दोन गोष्टी विचारतो: हे तुम्हाला किती दिवसांपासून खटकतंय, आणि ते गेलं तर नेमकं काय बदलेल असं वाटतं?